चाळीस जीबीतून एक ओळ: दाबून ठेवलेल्या फाइलमध्ये थेट उडी कशी मारतात

सिकल सेल आजाराचं मूळ माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावरच्या एका अक्षरात आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकात एका ठरावीक जागी A ऐवजी T आलं, की साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घरोघरी माहीत आहे. संशोधकांच्या याद्यांमध्ये या बदलाचं नाव आहे rs334.

आता प्रश्न असा. '१००० जीनोम्स' नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने तिसऱ्या टप्प्यात २,५०४ माणसांचे जीनोम वाचले आणि त्यांच्यात सापडलेले सुमारे ८ कोटी ८० लाख फरक २०१५ मध्ये जाहीर केले. (या माणसांत ह्यूस्टनमधले गुजराती आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आहेत, मराठी भाषकांचा गट नाही.) ही माहिती गुणसूत्रागणिक एका फाइलमध्ये, कोणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवली आहे. अकराव्या गुणसूत्राच्या फाइलमध्ये rs334 ची ओळ आहे. ती एकच ओळ आपल्याला हवी आहे.

फाइलचा आकार आधी समजून घेऊ. ही साधी मजकुराची फाइल असते, व्हीसीएफ या पद्धतीने लिहिलेली. एका फरकाला एक ओळ, ओळीत आधी जागा आणि अक्षरं, मग प्रत्येक माणसासाठी `0|0` किंवा `0|1` अशी नोंद. एका नोंदीला टॅब धरून चार बाइट, म्हणजे २,५०४ माणसांची एक ओळ सुमारे १० केबीची. अकराव्या गुणसूत्रावर अशा ४० लाखांच्या आसपास ओळी आहेत. गुणाकार केला तर ४० जीबी. पण बहुतेक माणसांकडे बहुतेक जागी फरक नसतोच, ओळीच्या ओळी `0|0` ने भरलेल्या असतात, त्यामुळे फाइल दाबली की ती एक जीबीच्या आत बसते.

ओळ कुठे आहे ते शोधायला ४० जीबी उलगडायचे, तर साध्या लॅपटॉपवर काही मिनिटं जातात. एकदा ठीक आहे. पण एखादा प्रोग्रॅम दिवसभरात अशा हजार जागा विचारत असेल तर तसं चालणार नाही. प्रत्यक्षात ही ओळ डोळ्याचं पातं लवायच्या आत मिळते. ती कशी मिळते, ते सांगण्यासाठी आधी ती का मिळू नये हे सांगावं लागेल.

## साध्या जीझिपमध्ये मधूनच का वाचता येत नाही

फाइल दाबायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीझिपच्या पोटात डिफ्लेट नावाची पद्धत काम करते. तिची मुख्य युक्ती जुन्या उधारीच्या वहीत असते तीच आहे. वहीत दुकानदार प्रत्येक वेळी 'तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो' लिहीत बसत नाही, 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळा होतो. डिफ्लेटही तेच करतं: 'मागे ८,००० बाइटांवर जे होतं, त्यातले १०० बाइट इथे पुन्हा'. मागे बघायची मर्यादा ३२ केबी. आणि ज्या मजकुराकडे बोट दाखवलं, तो मजकूरही स्वतः आणखी मागच्या कशाकडे तरी बोट दाखवत असू शकतो.

वहीच्या मधलंच पान उघडलं आणि त्यावर पहिल्या ओळीपासून 'वरीलप्रमाणे' असेल, तर वाचणारा काय करणार? मागे जाणार. मागच्या पानावरही तेच. शेवटी पहिल्या पानावर. दाबलेल्या फाइलच्या मधोमध उडी मारली तर नेमकं हेच होतं, कारण तिथून उलगडायला आधीचे ३२ केबी हवेत, आणि ते मिळवायला त्याआधीचे.

दुसरी अडचण याहून वाईट आहे. डिफ्लेट वारंवार येणाऱ्या चिन्हांना कमी बिट देतं आणि क्वचित येणाऱ्यांना जास्त. त्यामुळे चिन्हं बाइटच्या सीमेवर सुरू होत नाहीत, कुठल्याही बिटापासून सुरू होतात. मध्ये कुठे 'इथून नवा भाग सुरू' अशी ओळखीची खूणही नसते. मधला एखादा बाइट उचलला तर तो कशाचा कुठला तुकडा आहे हे सांगायला मार्गच नाही.

साध्या जीझिपवरही उड्या मारता येतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. झेडलिब लिहिणाऱ्या मार्क अॅडलर यांनी त्या लायब्ररीसोबत `zran.c` नावाचा नमुना दिला आहे. तो फाइल एकदा पूर्ण वाचतो, आणि ठरावीक अंतरावर 'या बिटापासून सुरू करा, आणि हे घ्या त्याआधीचे ३२ केबी' अशी नोंद करून ठेवतो. युक्ती चोख आहे. पण आपल्या फाइलवर हिशोब करून पाहा. उलगडलेल्या दर एक एमबीला एक नोंद धरली तर ४० जीबीला ४०,००० नोंदी, प्रत्येकी ३२ केबी, म्हणजे सव्वा जीबीच्या वर. या नोंदींचा इंडेक्स दाबलेल्या फाइलपेक्षा जड! नोंदी विरळ करता येतील, त्यांनाही दाबता येईल, पण पहिल्यांदा पूर्ण फाइल उलगडण्यातून सुटका नाही. दुसऱ्याने दिलेली, आपल्याला बदलता न येणारी फाइल असेल तेव्हा मी हा मार्ग धरेन. फाइल आपणच लिहिणार असू तर नाही.

## लिहितानाच केलेली सोय

जीनोमच्या जगात चालतो तो मार्ग वेगळा आहे. 'वरीलप्रमाणे' एका पानाच्या बाहेर न्यायचंच नाही. मजकुराचे ६४ केबीपर्यंतचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे, जणू ती वेगळीच फाइल आहे असा दाबायचा. या रचनेला बीजीझेडएफ म्हणतात, म्हणजे ब्लॉक पाडलेलं जीझिप. २००९ च्या सुमारास सॅमटूल्स या जीनोमच्या फाइली हाताळणाऱ्या साधनासोबत ती रूढ झाली.

यातली देखणी गोष्ट अशी की त्यासाठी नवं फाइल-स्वरूप शोधावं लागलं नाही. जीझिपच्या मूळ नियमांतच आहे की अनेक जीझिप फाइली एकामागे एक चिकटवल्या तर उलगडल्यावर त्यांचा मजकूरही एकामागे एक मिळावा. शिवाय प्रत्येक जीझिप तुकड्याच्या मथळ्यात हवी ती जादा माहिती घालायला एक मोकळी जागा आहे. बीजीझेडएफने त्या जागेत `BC` ही दोन अक्षरं आणि दोन बाइटांचा एक आकडा घातला: हा संपूर्ण दाबलेला ब्लॉक किती बाइटांचा आहे (खरं तर त्यातून एक वजा). म्हणून एखाद्या ब्लॉकच्या मथळ्यावर उभं राहिलं की आत काय आहे ते न उलगडता पुढच्या ब्लॉकच्या मथळ्यावर उडी मारता येते. आणि साध्या `gzip -d` ला ही फाइल दिली तर त्याला काही वेगळं आहे हे कळतही नाही, तो मुकाट्याने उलगडून देतो.

किंमत काय मोजली? प्रत्येक ब्लॉकला मथळा आणि शेपूट मिळून २६ बाइट जातात. त्याहून मोठा तोटा म्हणजे दर ब्लॉकला 'वरीलप्रमाणे' ची आठवण शून्यापासून सुरू होते. म्हणून तोच मजकूर बीजीझेडएफ लिहिणाऱ्या `bgzip` ने दाबला तर साध्या जीझिपपेक्षा फाइल थोडी मोठी होते. ब्लॉक लहान केले तर उडी अचूक होते पण दाब कमी बसतो, मोठे केले तर उलट. ६४ केबी ही तडजोड आहे, आणि तिला आणखी एक सोयीचं कारण आहे, ते लगेच येतं.

## दोन पत्ते, एकाच आकड्यात

फाइलमधल्या एखाद्या ओळीचा पत्ता आता दोन भागांत सांगावा लागतो. आधी, दाबलेल्या फाइलमध्ये तिचा ब्लॉक कितव्या बाइटपासून सुरू होतो. मग, तो ब्लॉक उलगडल्यावर आतमध्ये कितव्या बाइटपासून आपली ओळ सुरू होते. ब्लॉक उलगडल्यावर तो ६४ केबीपेक्षा मोठा नसतो, म्हणजे आतला पत्ता ० ते ६५,५३५ च्या दरम्यानच असणार, आणि तो बरोबर १६ बिटांत मावतो. उरलेले ४८ बिट बाहेरच्या पत्त्याला. दोन्ही मिळून ६४ बिटांचा एक आकडा. याला व्हर्च्युअल ऑफसेट म्हणतात.

समजा ब्लॉक १२,००,००० व्या बाइटवर सुरू होतो आणि ओळ आत ३१,००० व्या बाइटवर आहे. बाहेरचा पत्ता ६५,५३६ ने गुणायचा आणि आतला मिळवायचा:

```
echo $(( (1200000 << 16) + 31000 ))
78643231000
```

उलट जायचं तर १६ बिट उजवीकडे सरकवले की बाहेरचा पत्ता, आणि खालचे १६ बिट ठेवले की आतला. या आकड्यांची तुलना करता येते: ज्याचा आकडा लहान ती ओळ फाइलमध्ये आधी. पण वजाबाकी करून 'दोन ओळींमध्ये इतके बाइट आहेत' असं म्हणता येत नाही. वरचा भाग दाबलेले बाइट मोजतो, खालचा उलगडलेले, आणि त्यांची वजाबाकी कशाचाच आकार नसते. नव्याने या फाइलींवर प्रोग्रॅम लिहिणारे इथे हमखास अडखळतात, कारण उत्तर आकडाच येतो, फक्त निरर्थक येतो.

## इंडेक्सला ओळीची जागा कशी कळते

आता फाइलमध्ये कुठेही उडी मारता येते, पण कुठे मारायची ते कोण सांगणार? त्यासाठी `tabix`. हेंग ली यांनी ते २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. टॅबने रकाने पाडलेली, गुणसूत्र आणि जागा यांच्या क्रमाने लावलेली आणि `bgzip` ने दाबलेली कुठलीही फाइल त्याला चालते. तो ती एकदा वाचतो आणि शेजारी `.tbi` शेपटीची एक छोटी फाइल करून ठेवतो.

पहिल्या विचारात हे सोपं वाटतं. ओळी जागेच्या क्रमाने आहेत, तर दर काही हजार अक्षरांना एक व्हर्च्युअल ऑफसेट लिहून ठेवला की झालं. `.tbi` मध्ये अशी एक यादी खरोखरच असते. गुणसूत्राच्या दर १६,३८४ अक्षरांना एक खिडकी धरतात, आणि त्या खिडकीला स्पर्श करणारी सर्वांत पहिली ओळ फाइलमध्ये कुठे आहे ते लिहितात.

अडचण 'स्पर्श करणारी' या शब्दांत आहे. सगळे फरक एका अक्षराचे नसतात. कोणाच्या जीनोममध्ये हजारो अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. असा तुकडा आपल्या जागेच्या खूप आधी सुरू होऊन तिच्यावरून पुढे जात असेल, तर तोही उत्तरात यायला हवा. पण तो फाइलमध्ये आहे त्याच्या सुरुवातीच्या जागेवर, म्हणजे बराच मागे. खिडकीची यादी आपल्याला इमानाने मागे नेईल, आणि मग तिथपासून आपल्या जागेपर्यंतच्या सगळ्या ओळी तपासाव्या लागतील. एका लांब तुकड्यासाठी शेकडो बिनकामाच्या ओळी.

म्हणून दुसरी रचना आहे, जी कॅलिफोर्नियातल्या यूसीएससीच्या जीनोम ब्राउझरमध्ये आधीपासून वापरात होती. गुणसूत्राचे खण पाडायचे: सगळ्यांत मोठा एक खण ५३ कोटी ६८ लाख अक्षरांचा, त्यात आठ खण, त्या प्रत्येकात आठ, असं खाली जात जात शेवटचे खण १६,३८४ अक्षरांचे. एकूण सहा पायऱ्या. प्रत्येक ओळ ज्या सर्वांत लहान खणात पूर्ण मावते, त्या खणात टाकायची. एका अक्षराचा फरक नेहमी तळाच्या खणात जातो. लांब तुकडा, किंवा खणाच्या सीमेवर आडवा पडलेला तुकडा, वरच्या पायरीवर जातो.

आता एखाद्या जागेवर काय काय आहे हे विचारायचं तर त्या जागेवरून जाणारे सहाच खण बघायचे, प्रत्येक पायरीवरचा एक. बाकी हजारो खणांकडे पाहायचंही नाही.

## rs334 पर्यंतचा रस्ता

आपल्या फाइलमध्ये जागा जीआरसीएच३७ या जुन्या संदर्भ-जीनोमप्रमाणे दिल्या आहेत. त्यात rs334 ची जागा आहे ५२,४८,२३२. इंडेक्स आत शून्यापासून मोजतो, म्हणून ५२,४८,२३१ घेऊ. १६,३८४ ने भागायचं, म्हणजे १४ बिट उजवीकडे सरकवायचं:

```
echo $(( 5248231 >> 14 ))
320
```

खणांना वरून खाली ० पासून क्रमांक देतात, त्यामुळे तळाच्या खणांचे क्रमांक ४,६८१ पासून सुरू होतात. म्हणून आपला खण ४,६८१ + ३२०, म्हणजे ५,००१. एक पायरी वर जायचं तर ३२० ला आठने भागायचं: ४०, आणि त्या पायरीची सुरुवात ५८५ पासून, म्हणून ६२५. त्याच्या वर ७८, मग ९, मग १, आणि शिखरावर ०. सहा खण: ०, १, ९, ७८, ६२५, ५,००१.

वरच्या खणांचा उपयोग इथे नेमका दिसतो. आपली खिडकी ५२,४२,८८० ला सुरू होते, आणि योगायोगाने तिथेच ६२५ आणि ७८ या खणांचीही सीमा आहे. समजा कोणाच्या जीनोममध्ये ५२,४२,००० ते ५२,५०,००० हा तुकडा गळालेला आहे. आठ हजारच अक्षरं, पण सीमेवर आडवी. ५,००१ मध्ये तो मावत नाही, ६२५ मध्ये नाही, ७८ मध्येही नाही. तो थेट ९ व्या खणात जातो, जो ८३ लाखांहून जास्त अक्षरं व्यापतो. आपण ९ वा खण बघतो म्हणूनच तो तुकडा हाती लागतो.

पण ९ व्या खणात गुणसूत्राच्या त्या लांबलचक पट्ट्यातल्या इतर सीमांवर आडवे पडलेले तुकडेही असणार, ज्यांचा आपल्याशी संबंध नाही. तिथे पहिली यादी परत कामाला येते. ३२० व्या खिडकीला स्पर्श करणारी पहिली ओळ अमुक ऑफसेटला आहे, तर त्याआधी संपणारं काहीही उघडायची गरज नाही. खण सांगतात कुठे बघायचं, खिडक्यांची यादी सांगते कुठे बघायचं नाही. दोन्हींपैकी एक काढून टाकलं तर उत्तर बरोबरच येईल, पण वाचायला लागणारा पसारा वाढेल.

आज्ञा एवढीच:

```
tabix chr11.vcf.gz 11:5248232-5248232
```

यात प्रत्यक्षात किती वाचलं जातं याचा अंदाज बांधता येतो. अकरावं गुणसूत्र साडेतेरा कोटी अक्षरांचं, फरक ४० लाख, म्हणजे सरासरी दर ३३ अक्षरांना एक ओळ. आपली जागा खिडकीच्या सुरुवातीपासून ५,३५१ अक्षरं आत आहे. म्हणजे आपल्या ओळीआधी सुमारे १६० ओळी उलगडून टाकून द्याव्या लागतात. १० केबीच्या १६० ओळी म्हणजे १.६ एमबी, पंचवीसेक ब्लॉक. दाबलेल्या रूपात हे ब्लॉक प्रत्येकी एक-दीड केबीचेच आहेत, कारण `0|0` ची रांग फार छान दाबली जाते. तर डिस्कवरून ४० केबीच्या आत वाचन, फाइलच्या सहा लाखांहून जास्त ब्लॉकांपैकी पंचवीस. ओळीची जागा आपल्या जागेच्या पुढे गेली की `tabix` थांबतो, कारण क्रम लावलेला आहे, पुढे काही सापडणार नाही.

हेच इंटरनेटवरूनही होतं. वेब सर्व्हरला फाइलचा 'इतक्या बाइटपासून इतक्यापर्यंत' एवढाच भाग मागता येतो, त्यामुळे आयजीव्हीसारखे जीनोम ब्राउझर दुसऱ्या खंडातली फाइल न उतरवता त्यातला एखादा जनुक दाखवतात. मात्र `.tbi` आधी पूर्ण उतरवून घ्यावी लागते. एकच जागा विचारायची असेल तर बहुतेक वेळ इंडेक्सच आणण्यात जातो.

## बिघडतं तेव्हा

सर्वांत नेहमीचा घोळ म्हणजे फाइल `bgzip` ऐवजी साध्या `gzip` ने दाबलेली असणं. दोन्हींची शेपटी `.gz`, दोन्ही `zcat` ने उलगडतात, नावावरून फरक कळत नाही. कोणीतरी जागा वाचवायला चांगली ब्लॉकवाली फाइल उलगडून पुन्हा `gzip -9` ने दाबतो आणि ब्लॉक नाहीसे होतात. `tabix` अशा फाइलचा इंडेक्स करायला नकार देतो, हे बरंच आहे. आधी तपासायचं तर:

```
htsfile chr11.vcf.gz
```

उत्तरात `BGZF-compressed` आलं तर ठीक, नुसतं `gzip-compressed` आलं तर परत दाबायला हवं:

```
gzip -dc chr11.vcf.gz | bgzip > naveen.vcf.gz
tabix -p vcf naveen.vcf.gz
```

फाइल अर्धवट उतरली असेल तर तेही ओळखता येतं. बीजीझेडएफ फाइलच्या शेवटी एक रिकामा ब्लॉक मुद्दाम ठेवतात, नेहमी तोच, २८ बाइटांचा:

```
tail -c 28 chr11.vcf.gz | xxd -p
1f8b08040000000000ff0600424302001b0003000000000000000000
```

यातले `4243` म्हणजे ती `BC` अक्षरं, आणि `1b` म्हणजे २७, ब्लॉकची लांबी वजा एक. हे शेपूट नसेल तर फाइल बहुधा तुटलेली आहे. अशा फाइलमध्ये rs334 व्यवस्थित सापडू शकतं, कारण आपण शेवटापर्यंत गेलेलोच नसतो. म्हणून एक ओळ नीट मिळाली हा फाइल पूर्ण असल्याचा पुरावा होत नाही.

क्रम नसेल तर इंडेक्स करतानाच `Unsorted positions` किंवा `Chromosome blocks not continuous` असा संदेश येतो. फाइल नव्याने लिहिली पण इंडेक्स जुनाच राहिला, तर `The index file is older than the data file` अशी सूचना मिळते. ही सूचना मात्र कधी कधी खोटी असते: दोन्ही फाइली नकलताना इंडेक्स आधी आणि मोठी फाइल नंतर पोचली, तरी तारखा उलट्या दिसतात. खरोखर जुना इंडेक्स असेल तर त्यातला पत्ता बहुधा ब्लॉकच्या मथळ्यावर न पडता मध्येच कुठेतरी पडतो, तिथे जीझिपची ओळखखूण सापडत नाही आणि वाचन चूक दाखवून थांबतं. शंका असेल तर इंडेक्स पुन्हा करावा, वाद घालत बसू नये.

इथपर्यंतच्या बहुतेक चुका ओरडतात. मला भीती वाटते ती न ओरडणाऱ्या दोन चुकांची.

पहिली, गुणसूत्राच्या नावाची. आपल्या फाइलमध्ये त्याचं नाव `11` आहे. `chr11:5248232-5248232` असं विचारलं तर `tabix` काहीच छापत नाही आणि तक्रारही करत नाही. रिकामं उत्तर पाहून 'या माणसांमध्ये सिकल सेलचा फरक नाही' असा निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम सहज लिहिला जाऊ शकतो. `tabix -l chr11.vcf.gz` दिलं की फाइलमधली नावं दिसतात, ती पाहूनच प्रश्न विचारावा.

दुसरी, संदर्भ-जीनोमची. नव्या जीआरसीएच३८ मध्ये rs334 ची जागा ५२,२७,००२ आहे. ती जागा या जुन्या फाइलला विचारली तर आपण हव्या ओळीपासून २१,२३० अक्षरं दूर पोचतो. तिथे दुसराच एखादा फरक असू शकतो, किंवा काहीच नसू शकतं, आणि दोन्ही उत्तरं दिसायला ठीकठाक दिसतात. इंडेक्सला जीनोमची आवृत्ती कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. `tabix -H` ने मथळा काढून त्यातली गुणसूत्राची लांबी बघावी: अकराव्याची १३,५०,०६,५१६ असेल तर ३७, १३,५०,८६,६२२ असेल तर ३८.

## इंडेक्सला जे विचारता येत नाही

हा इंडेक्स फक्त जागा ओळखतो. 'rs334 कुठे आहे' असं नावाने विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नाही, तेव्हा सगळे ४० जीबी उलगडून `grep` करायचं, किंवा नावावरून जागा सांगणारी दुसरी यादी जवळ ठेवायची. 'एका माणसाचे अकराव्या गुणसूत्रावरचे सगळे फरक दे' हाही त्याच्यासाठी वाईट प्रश्न आहे. त्या माणसाच्या नोंदी प्रत्येक ओळीत चार बाइट अशा विखुरलेल्या आहेत, एका ब्लॉकमध्ये जेमतेम सहा ओळी मावतात, आणि चार बाइटांसाठीही ब्लॉक पूर्ण उलगडावा लागतो. म्हणजे एका माणसासाठी जेवढं काम, तेवढंच २,५०४ जणांसाठी. असे प्रश्न रोज येत असतील तर माहिती रकान्यांप्रमाणे साठवणारी वेगळी रचना हवी, `tabix` वर कितीही घासलं तरी उपयोग नाही.

लांबीचीही एक हद्द आहे. सर्वांत मोठा खण ५३ कोटी ६८ लाखांचा असल्याने त्यापुढची जागा `.tbi` ला लिहिताच येत नाही. माणसाचं सर्वांत लांब गुणसूत्र २५ कोटींच्या आत आहे, तेव्हा आपल्याला ती कधी जाणवत नाही. गव्हाचं ३बी हे गुणसूत्र ८३ कोटींचं आहे. गव्हावर काम करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी ही भिंत लागते, आणि त्यांच्यासाठी खणांचं माप आणि पायऱ्यांची संख्या बदलता येईल असा सीएसआय नावाचा इंडेक्स आहे, `tabix -C` दिलं की तो तयार होतो.